जर्दाळू खाल्ल्यावर छाती का भरून येते?

"मी ४१ वर्षांची असून पुण्यात राहते. लहानपणापासून दमा आहे, पण तो फारसा त्रास देत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा निळा पंप घेते, रोजचा पंप मात्र वर्षभरापूर्वी सवय लागेल या भीतीने सोडला. डिसेंबरात मैत्रिणींबरोबर नाशिकजवळच्या एका वायनरीत गेले होते. पांढऱ्या वाइनचा अर्धा ग्लास घेतला आणि सोबत ठेवलेले चार-पाच केशरी जर्दाळू खाल्ले. दहा मिनिटांत छाती आवळली, शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. पंप घेतल्यावर अर्ध्या तासाने बरे वाटले. मागे काही दिवस सकाळी भिजवलेल्या बेदाण्यांचे पाणी पीत होते, तेव्हाही ठसका लागून छाती भरून यायची, हे आता आठवते आहे. त्वचेवरची अ‍ॅलर्जी चाचणी केली, तिच्यात काहीच निघाले नाही. नवरा म्हणतो मनाचे खेळ आहेत, सासूबाई म्हणतात वाइन बाधली. एका मैत्रिणीने गंधकाची अ‍ॅलर्जी सांगितली, तेव्हापासून सगळा सुकामेवा बंद केला आहे. सल्फाची औषधेही टाळायची का? आणि ऑरगॅनिक वाइन चालेल का?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात जर्दाळूंचा रंग तुम्ही सहज लिहून गेलात, पण मला सुरुवात तिथूनच करायची आहे. जर्दाळू नुसत्या उन्हात वाळवला, तर तो तपकिरी होतो, चिंचेच्या रंगाच्या जवळ जातो आणि चिवट लागतो. लडाखकडून येणारा पारंपरिक पद्धतीने वाळवलेला जर्दाळू असाच दिसतो. तुमच्या ताटलीत होता तसा झेंडूच्या पाकळीसारखा केशरी आणि मऊ जर्दाळू, उदाहरणार्थ तुर्कस्तानातल्या मलात्या भागातून जगभर जाणारा, वाळवण्यापूर्वी बंद खोलीत जळत्या गंधकाच्या धुरात ठेवलेला असतो. गंधक जळला की सल्फर डायऑक्साइड हा वायू तयार होतो, तो फळाच्या ओल्या गरात मुरतो आणि फळाला काळे पाडणाऱ्या विकराचे काम थांबवतो. फळात मुरलेल्या या वायूच्या निरनिराळ्या रूपांना मिळून सल्फाइट म्हणतात. तोच परिणाम सोडियम किंवा पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची पूड वापरूनही साधता येतो, आणि वाइनमध्ये बहुतेक वेळा हीच पूड जाते.

आता थोडा हिशेब करू, कारण वाइन बाधली हे घरातले निदान या हिशेबापुढे टिकत नाही. युरोपीय नियमांनुसार वाळवलेल्या जर्दाळूत किलोमागे २००० मिलिग्रॅमपर्यंत सल्फर डायऑक्साइड चालतो, म्हणजे ग्रॅमला २ मिलिग्रॅम. एक जर्दाळू साधारण ८ ग्रॅमचा धरला, तर पाच जर्दाळूंतून ८० मिलिग्रॅमपर्यंत सल्फाइट पोटात जाऊ शकते. पांढऱ्या कोरड्या वाइनला त्याच नियमांत लिटरमागे २०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे आणि बहुतेक बाटल्यांमध्ये प्रमाण तिच्याहून कमीच असते. तुमचा अर्धा ग्लास ७५ मिलिलिटरचा धरला आणि वाइन अगदी मर्यादेला टेकलेली होती असे मानले, तरी तिच्यातून १५ मिलिग्रॅम आले. म्हणजे त्या संध्याकाळी ज्याच्याकडे कोणी बोट दाखवले नाही, त्या जर्दाळूंमध्ये वाइनच्या पाचपट सल्फाइट असू शकत होते. वाइनला मी पूर्ण निर्दोष ठरवत नाही. ती आंबट आणि पातळ असल्यामुळे तिच्यातला वायू लवकर मोकळा होतो, तर जर्दाळूतल्या सल्फाइटचा काही भाग साखरेशी आणि इतर घटकांशी बांधलेला असतो. पण दोन्हींपैकी आधी कोणाकडे पाहायचे, असे मला विचारलेत तर मी ताटलीकडे पाहीन.

पोटात गेलेला पदार्थ दहा मिनिटांत श्वासनलिकेपर्यंत पोहोचतो कसा, हा प्रश्न तुम्हाला पडला असणार. बराचसा सल्फाइट पोटातून रक्तात आणि रक्तातून फुप्फुसात असा लांबचा प्रवास करतच नाही. सल्फाइटला आम्ल भेटले की त्यातून पुन्हा सल्फर डायऑक्साइड वायू सुटू लागतो. हे तोंडात, आंबट फळ चावतानाच सुरू होते आणि जठरात, जिथे आम्ल भरपूर असते, तिथे आणखी जोराने होते. आपण घास गिळतो, ढेकर देतो, मध्येच श्वास घेतो, आणि त्या श्वासाबरोबर या वायूचा अंश खाली श्वासनलिकेत उतरतो. श्वासनलिकेच्या अस्तरात मज्जातंतूंची अतिशय संवेदनशील टोके असतात. त्यांना हा वायू टोचला की व्हेगस नावाच्या मज्जातंतूमार्फत मेंदूकडे निरोप जातो आणि उलट निरोप येऊन नळीभोवतीचे स्नायू आवळले जातात. आवळलेल्या नळीतून हवा बाहेर पडताना जो आवाज होतो, तीच तुम्ही ऐकलेली शिट्टी. हा सगळा मार्ग मिनिटांचा आहे, म्हणूनच सल्फाइटचा त्रास बहुधा खाल्ल्यापासून काही मिनिटांत ते अर्ध्या तासात सुरू होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू झालेल्या खोकल्याचे कारण मी सहसा दुसरीकडे शोधतो.

हा शोधही सुक्या फळांपासूनच सुरू झाला. १९७३ मध्ये बालरोगशास्त्राच्या एका अमेरिकी नियतकालिकात दम्याच्या एका मुलाची हकीकत आली होती. हवाबंद प्लास्टिक पिशवीतली सुकी फळे खाल्ली की त्याला खोकला आणि धाप लागत असे. पिशवीत साठून राहिलेला वायू ती उघडताना आणि फळ खाताना नाकातोंडात जात होता. पुढे १९७७ मध्ये सल्फर डायऑक्साइड घातलेले आंबट पेय दम्याच्या १४ रुग्णांना पाजून पाहिले, तेव्हा ८ जणांची श्वासाची क्षमता मोजण्याइतकी घटली. हे १४ जण मुद्दाम, अशा पेयांनी त्रास होतो असे स्वतःहून सांगणाऱ्यांमधून निवडलेले होते, एवढे मात्र लक्षात ठेवा. सरसकट सगळ्या दमेकऱ्यांचे हे प्रमाण नव्हे.

तुमच्या बेदाण्याच्या पाण्याचा उलगडाही इथेच होतो, आणि तो मला जर्दाळूंइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण जर्दाळू तुम्ही वर्षातून एकदा खाल, हे पाणी आपल्याकडे हजारो घरांत रोज सकाळी प्यायले जाते. सांगली-तासगावकडे द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर साधारण दोन आठवडे वाळवतात, आणि पिवळाधमक बेदाणा हवा असेल तर त्याला गंधकाची धुरी देतात. असा बेदाणा रात्रभर पाण्यात राहिला, की त्यातल्या सल्फाइटचा काही भाग पाण्यात उतरतो. भिजवणे हा फळातले सल्फाइट कमी करण्याचा उपाय खराच, पण तेव्हा, जेव्हा पाणी मोरीत ओतले जाते. आपण पाणी पितो आणि कित्येकदा बेदाणे टाकून देतो. त्यात भांड्यावर रात्रभर झाकणी, सकाळी ते तोंडाशी नेऊन रिकाम्या पोटी घटाघटा पिणे, म्हणजे वरची हवाही नाकात आणि पातळ द्रवही थेट जठराच्या आम्लात. दहा-वीस बेदाण्यांत सल्फाइट काही फार नसते, पण संवेदनशील श्वासनलिकेला ठसका लागण्यापुरते ते होऊ शकते. तुम्ही ते पाणी बंद केलेत ते योग्यच केलेत.

आता मनाच्या खेळांविषयी. तुमची त्वचेची चाचणी कोरी आली, याचा अर्थ तुम्हाला काही झालेच नाही असा घरात लावला गेला, आणि पत्रावरून वाटते की हळूहळू तुम्हीही तो मानू लागला आहात. त्वचेची चाचणी एका विशिष्ट प्रकारची अ‍ॅलर्जी शोधते, ज्यात शरीर एखाद्या पदार्थाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार करते. शेंगदाण्याची किंवा कोळंबीची अ‍ॅलर्जी अशी असते. सल्फाइटच्या बहुतेक रुग्णांत अशी प्रतिपिंडे सापडतच नाहीत, कारण त्यांचा त्रास वर सांगितलेल्या चुरचुरणाऱ्या वायूचा आणि आवळणाऱ्या स्नायूंचा असतो. मोजक्या लोकांत ती सापडली आहेत, आणि त्यांना अंगावर पित्ताच्या गांधी, ओठांना सूज, चक्कर अशी लक्षणेही येतात. तुमच्या पत्रात त्यांपैकी काही नाही. तेव्हा तुमची कोरी चाचणी तुमच्या अनुभवाला खोटे पाडत नाही. ती चाचणी या प्रश्नासाठी नव्हतीच. याच कारणाने अ‍ॅलर्जीची गोळी खाऊन मग जर्दाळू खाण्याचा प्रयोगही करू नका, कारण तिचा या वाटेवर फारसा उपयोग होत नाही.

मग शेजारी बसलेल्या मैत्रिणीने तेच जर्दाळू खाल्ले आणि तिला काही झाले नाही, ते का? या वायूने निरोगी माणसाच्याही नळ्या आवळतात, फक्त त्याला प्रमाण खूप जास्त लागते. व्यायाम करणाऱ्या दमेकऱ्याला हवेच्या दहा लाख भागांत अर्ध्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी सल्फर डायऑक्साइड त्रास देऊ शकतो. स्वस्थ बसलेल्या निरोगी माणसाला त्याच्या दहापट लागतो. दमा म्हणजे श्वासनलिकेला आलेली जुनी सूज. सुजलेल्या अस्तरातली मज्जातंतूंची टोके जणू उघडी पडलेली असतात. याशिवाय सल्फाइटचे निरुपद्रवी सल्फेटमध्ये रूपांतर करणारे सल्फाइट ऑक्सिडेज हे विकर काही लोकांत कमी पडत असावे, असाही एक विचार आहे, पण सगळ्या रुग्णांचा उलगडा त्यातून होत नाही.

इथे मला तुमच्या एका वाक्यावर थांबायचे आहे. दमा फारसा त्रास देत नाही असे लिहून लगेच तुम्ही आठवड्यातून दोन-तीनदा निळा पंप लागतो असे लिहिले आहे. ही दोन वाक्ये एकत्र बसत नाहीत. आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा तातडीचा पंप लागणे, ही दमा आटोक्यात नसल्याची खूण मानतात. १९८६ मध्ये अमेरिकेत दोनशेच्या आसपास दमेकऱ्यांना सल्फाइट देऊन तपासले गेले होते. एकूण दमेकऱ्यांत संवेदनशील असणाऱ्यांचा अंदाज ४ टक्क्यांच्या आत निघाला, पण ज्यांना दम्यासाठी स्टेरॉइडवर अवलंबून राहावे लागत होते त्यांच्यात तो ८ टक्क्यांच्या आसपास होता, आणि ज्यांना तशी गरज नव्हती त्यांच्यात १ टक्क्याहूनही कमी. सल्फाइटची ठिणगी बहुधा आधीच धुमसत असलेल्या नळ्यांवर पडते. रोजच्या पंपातले औषध ती सूज उतरवते आणि त्याची सवय लागत नाही. तो सोडल्यावर त्रास परत आला, तर ती आधीची सूज असते. मधुमेहाची गोळी सोडल्यावर साखर वाढली, तर आपण त्याला गोळीची सवय म्हणत नाही, तसेच हे आहे. जर्दाळू टाळण्याआधी, वाइन टाळण्याआधी, तुमच्या डॉक्टरांकडे जाऊन हा पंप पुन्हा सुरू करण्याविषयी बोला. हे केले नाहीत, तर सल्फाइट संपूर्ण वर्ज्य करूनही धूळ, सर्दी, उदबत्ती यांपैकी कोणीतरी तीच शिट्टी वाजवत राहील.

खात्री कशी करायची? घरी मुद्दाम जर्दाळू खाऊन पाहायचा नाही, हे पहिले. सल्फाइटने आलेला दम्याचा झटका जिवावर बेतू शकतो. अमेरिकेत हॉटेलांच्या सॅलडवर, भाजी ताजी दिसावी म्हणून सल्फाइटचे पाणी फवारत असत. त्यातून मृत्यू झाल्यावर १९८६ मध्ये कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या फळा-भाज्यांवर त्याच्या वापराला तिथे बंदी घालावी लागली. पक्की चाचणी रुग्णालयात होते. दमा स्थिर असताना मेटाबायसल्फाइटचे वाढते डोस, काही मिलिग्रॅमपासून सुरू करून, कॅप्सूलमधून किंवा आंबट द्रवातून देतात आणि प्रत्येक डोसनंतर स्पायरोमेट्री करतात. पहिल्या सेकंदात जोराने बाहेर टाकलेली हवा २० टक्क्यांनी घटली, तर संवेदनशीलता सिद्ध झाली असे मानतात. ही चाचणी मोजक्या ठिकाणी होते आणि प्रत्येकाला तिची गरजही नसते.

त्याऐवजी पुढचे दोन महिने एक साधी वही ठेवा आणि औषधाच्या दुकानातून पीक फ्लो मीटर आणा. रोज सकाळी पंप घेण्याआधी तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा लिहा, म्हणजे तुमची नेहमीची पातळी कळेल. समजा ती ४०० आहे. बाहेर कुठे काही खाल्ल्यावर छाती जड झाली, तर आधी पंप, मग जमल्यास आकडा; तो ३२० किंवा त्याखाली असेल तर घट २० टक्क्यांची आहे आणि ती मनाची नाही. अशा वेळी काय खाल्ले, किती वाजता खाल्ले, त्रास किती मिनिटांत सुरू झाला, पाकिटावर काय लिहिले होते, एवढे चार ओळींत टिपा. डॉक्टरांना या वहीतून जे कळेल, ते नुसत्या आठवणीतून कळत नाही. तुमच्या यजमानांनाही ती वाचायला द्या, कारण माझ्या अनुभवात आकडा पाहिल्यावर घरातली भाषा बदलते.

वही वाचताना नुसता एक पदार्थ शोधू नका, त्यांच्यातले नाते शोधा. केशरी जर्दाळू, पिवळा बेदाणा, बाटलीतला लिंबाचा रस, फळांचा स्क्वॅश आणि पांढरी वाइन या सगळ्यांनी त्रास होत असेल आणि ताज्या द्राक्षांनी होत नसेल, तर धागा सल्फाइटचा आहे. घरी कैरीचे किंवा कोकमाचे सिरप करून त्यात केएमएसची पूड घालण्याची पद्धत अनेक घरांत आहे. ती पूड म्हणजेच पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, तेव्हा ते सिरपही याच यादीत येते. याउलट केवळ लाल वाइनने त्रास होत असेल आणि पांढरीने नाही, तर सल्फाइटवरचा संशय कमी करा, कारण लाल वाइनला द्राक्षाच्या सालीतले टॅनिन राखते आणि तिच्यात सल्फाइट सहसा पांढरीपेक्षा कमी असते. तिथे हिस्टामिन किंवा खुद्द अल्कोहोल हे कारण असू शकते. ऑस्ट्रेलियात २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वाइनने दमा उठतो असे ठामपणे सांगणाऱ्या २४ जणांना लिटरमागे ३०० मिलिग्रॅम सल्फाइट असलेली वाइन दिली, तेव्हा फक्त ४ जणांचा श्वास खरोखर घटला. बाकीच्यांचा त्रास खोटा होता असे मी म्हणत नाही, पण नुसत्या सल्फाइटवर तो टाकता आला नाही.

सगळा सुकामेवा बंद करण्याची गरज मला अजिबात दिसत नाही. बदाम, काजू, अक्रोड, पिस्ते ही कठीण कवचातली बी आहे. तिला रंग टिकवण्यासाठी गंधक लागत नाही. खजूर मुळातच गडद असतो आणि त्यालाही सहसा धुरी देत नाहीत. काळजी घ्यायची ती ज्याचा फिका किंवा झगझगीत रंग वाळल्यावरही टिकून आहे, अशा फळांची: केशरी जर्दाळू, सोनेरी बेदाणा, फिकट अंजीर, सफरचंदाच्या आणि अननसाच्या पांढरट-पिवळ्या चकत्या. तपकिरी जर्दाळू आणि काळ्या मनुका बहुतेक वेळा धुरीशिवाय वाळवलेल्या असतात, पण नुसत्या रंगावर संपूर्ण भिस्त ठेवू नका. पाकीट बंद असेल तर मागची बारीक अक्षरे वाचा. एफएसएसएआयच्या २०२० च्या लेबल नियमांनुसार किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त सल्फाइट असेल, तर ते अ‍ॅलर्जीच्या सूचनेत लिहावे लागते, आणि घटकांच्या यादीत परिरक्षकापुढे २२० ते २२८ यांमधला आयएनएस क्रमांक दिसतो. त्यांतले २२० म्हणजे सल्फर डायऑक्साइड, २२३ सोडियम मेटाबायसल्फाइट आणि २२४ पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. अडचण सुट्ट्या मालाची आहे, कारण गोणीला लेबल नसते. तिथे दुकानदाराला सल्फाइट हा शब्द विचारून उपयोग नाही; "धुरीचा आहे की बिनधुरीचा?" असे विचारा, त्याला नेमके कळेल. पाकीट उघडताना नाकाशी नेऊ नका. काडेपेटीची काडी ओढल्यावर येतो तसा झोंबणारा वास हाताभरावरूनही आला, तर ते पाकीट तुमच्यासाठी नाही.

प्रसादाच्या शिऱ्यातल्या बेदाण्यांची धास्ती मात्र घेऊ नका. वाटीभर शिऱ्यात पाच ग्रॅम बेदाणे असतील आणि ते भरपूर धुरीचे, किलोला १००० मिलिग्रॅमचे आहेत असे धरले, तरी हिशेब ५ मिलिग्रॅमवर थांबतो, आणि तुपात परतताना व वाफ येताना त्यातलेही थोडे उडून जाते. ज्यांना मूठभर जर्दाळूंनी त्रास होतो, त्यांतल्या बहुतेकांना एवढ्याने काही होत नाही. ज्यांचा दमा तीव्र आहे किंवा ज्यांना अंगावर गांधी उठल्या आहेत, त्यांनी हा हिशेब स्वतःला लावू नये. त्यांनी बेदाणे काढून टाकूनच खावे.

ऑरगॅनिक वाइनविषयी तुमची अपेक्षा थोडी खाली आणावी लागेल. युरोपीय नियमांत ऑरगॅनिक कोरड्या लाल वाइनला लिटरमागे १०० आणि पांढरीला १५० मिलिग्रॅम सल्फाइट चालते. नेहमीच्या वाइनपेक्षा कमी, पण शून्य नव्हे. अमेरिकेत मात्र ऑरगॅनिक वाइन या नावाखाली वरून सल्फाइट घालता येत नाही. एकाच शब्दाचा अर्थ देशागणिक बदलतो, म्हणून शब्दाऐवजी सूचना वाचा. वरून काहीही न घालताही वाइन पूर्णपणे सल्फाइटमुक्त नसते, कारण आंबवणारे यीस्ट स्वतःच थोडे सल्फाइट तयार करते. गोड वाइनमध्ये प्रमाण सर्वांत जास्त असते, कारण साखर सल्फाइटला बांधून ठेवते आणि बनवणाऱ्याला ते जास्त घालावे लागते. सल्फाइट काढून टाकणारे थेंब किंवा गाळण्या बाजारात मिळतात, पण दम्याच्या माणसाने त्यांच्यावर विसंबून ग्लास उचलावा असे मी म्हणणार नाही. तुमचा रोजचा पंप सुरू होऊन दोन-तीन महिने झाले, निळा पंप क्वचित लागू लागला आणि वहीतले आकडे स्थिर राहिले, की वाइनचा विषय डॉक्टरांपुढे काढा. तोपर्यंत ती बाजूला असलेली बरी.

राहिला सल्फाच्या औषधांचा प्रश्न. सल्फाइट, सल्फा आणि गंधक ही तीन नावे कानाला सारखी लागतात, पण सल्फा ही प्रतिजैविकांतली वेगळी रचना असलेली औषधे आहेत आणि सल्फाइटच्या त्रासाचा त्यांच्याशी संबंध नाही. ती तुम्ही या कारणासाठी टाळू नका, आणि डॉक्टरांना सल्फाची अ‍ॅलर्जी आहे असेही सांगू नका, नाहीतर गरजेचे औषध विनाकारण हुकेल. कांदा, लसूण, अंडे यांत गंधकाची संयुगे असतात; त्यांचाही इथे संबंध नाही. तुमच्या फाइलवर "सल्फाइटने दमा उठण्याचा संशय" एवढेच शब्द लिहून घ्या.

हे शब्द लिहून घेण्याचे आणखी एक कारण आहे. काही इंजेक्शनांत औषध टिकावे म्हणून मेटाबायसल्फाइट घातलेले असते, दातांच्या डॉक्टरांकडच्या भूल देण्याच्या काही इंजेक्शनांतही. तिथे आधी सांगितले की त्यांना पर्याय निवडता येतो. फक्त एका ठिकाणी पर्याय शोधत थांबायचे नाही. कधी अंगावर गांधी, घसा सुजणे, चक्कर यांसह तीव्र झटका आला आणि डॉक्टरांनी अ‍ॅड्रिनलिन द्यायचे ठरवले, तर त्यात सल्फाइट असले तरी ते घ्यायचेच. त्यातले प्रमाण अगदी थोडे असते आणि त्या क्षणी तेच औषध जीव वाचवते. नुसता दमा उठला, तर आधी निळा पंप डॉक्टरांनी लिहून दिलेल्या पद्धतीने, शक्यतो स्पेसर लावून घ्या आणि ताठ बसा. पंधरा-वीस मिनिटांत आराम पडला नाही, एका दमात पूर्ण वाक्य बोलता येईनासे झाले किंवा ओठ निळसर दिसू लागले, तर घरच्यांनी १०८ ला फोन लावावा आणि गाडी येईपर्यंत पंप चालू ठेवावा. नाशिकला तुमचा पंप कुठे होता, हे पत्रात नाही. पुढच्या सहलीला तो गाडीतल्या बॅगेत न ठेवता पर्समध्ये ठेवा, आणि कोणत्या कप्प्यात आहे ते सोबतच्या एका मैत्रिणीला निघतानाच दाखवून ठेवा.